कारखानदारांना ग्रुप हेल्थचा मेल लिहिताय? या चुका टाळा

भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यात ग्रुप हेल्थ विकणारी नवीन पोरं मला त्यांचे मेल दाखवायला आणतात, सर जरा बघा ना रिप्लाय का येत नाही म्हणून. आणि दर वेळी तेच मेल असतात. नाव वेगळं, लोगो वेगळा, आतला माल तोच. लाल अक्षरं, ॲम्ब्युलन्सचा फोटो, "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" आणि खाली आठ एमबीचं ब्रोशर. मग म्हणतात मालक लोकांना इन्शुरन्सचं महत्त्वच कळत नाही. अरे त्यांना सगळं कळतं, तुमचा मेल कळत नाही.

मी इथे पंधरा-वीस ते पन्नास माणसांच्या युनिटबद्दल बोलतोय. प्रेस शॉप, व्हीएमसीवर जॉबवर्क करणारे, पावडर कोटिंग, रबर मोल्डिंग असे. मोठ्या कंपनीत एचआर असतो, तिथला खेळ वेगळा. इथे मेल उघडतो तो मालक नाहीतर अकाउंटला बसणाऱ्या मॅडम, आणि उघडतात फोनवर, मशीनच्या आवाजात उभं राहून.

भीती दाखवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आमच्या लाइनमधल्या एका पोराने असोसिएशनच्या डिरेक्टरीतून मेल आयडी काढले आणि सगळ्यांना एकच मेल धाडला. सब्जेक्ट होता "तुमच्या कारखान्यात उद्या हे झालं तर?" आणि आत नेटवरून उचललेला बँडेज बांधलेल्या हाताचा फोटो. आता नशीब बघा, ज्यांना मेल गेला त्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये थोड्याच दिवसांपूर्वी हेल्परची दोन बोटं गेली होती. मालक त्या हेल्परच्या घरी जाऊन आलेला, पोलीस, फॅक्टरी इन्स्पेक्टर, सगळं निस्तरून नुकता कुठे श्वास घेत होता आणि सकाळी चहा घेता घेता हा फोटो समोर. त्याने रिप्लाय वगैरे काही दिला नाही, सरळ ब्रँच मॅनेजरला फोन लावला आणि जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर असोसिएशनच्या ग्रुपवर तो मेल टाकला. त्या भागात त्या पोराला अजून कोणी गेटच्या आत घेत नाही.

पण मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्या मेलमध्ये जे विकायला काढलं होतं त्या पॉलिसीने त्या बोटांचे पैसे दिलेच नसते! ग्रुप हेल्थ म्हणजे हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावरचा खर्च. बोट गेलं, कमावण्याची ताकद कमी झाली, त्याची भरपाई हा या पॉलिसीचा विषयच नाही. तो हेल्पर ईएसआय या सरकारी कामगार विम्यात होता, त्यामुळे त्याचा उपचार तिकडे झाला, कामावर नव्हता तेवढ्या दिवसांचा पगाराच्या ९० टक्के हिशोबाने भत्ता तिकडून, आणि कायमचं अपंगत्व जेवढं ठरेल त्याप्रमाणे दर महिन्याचे पैसेही तिकडूनच. आणि जो कामगार ईएसआयमध्ये बसत नाही त्याची कामावरच्या अपघाताची भरपाई मालकावर येते, कायद्याने, त्याला वर्कमेन कॉम्पेन्सेशनची वेगळी पॉलिसी असते. म्हणजे फोटो एका पॉलिसीचा आणि कोटेशन दुसऱ्या पॉलिसीचं. मालक वीस वर्षं कारखाना चालवतोय, त्याला हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. भीतीचा मेल वाचून तो घाबरत नाही, त्याला एवढंच कळतं की या पोराला आपण काय विकतोय तेच ठाऊक नाही.

माझी सवय सांगतो. मेल लिहून झाला की त्यात "जर", "उद्या", "अचानक", "दुर्दैवाने" हे शब्द शोधतो. सापडले की ते वाक्यच उडवतो. त्या जागी काय मिळतं, कोणाला, कधीपासून, एवढं लिहायचं. वाक्य उडवून मेलमध्ये काहीच उरलं नाही तर समजा लिहायला काही नव्हतंच.

याच घरातली दुसरी चूक, "सरकारने सक्तीचं केलंय". हे कुठून आलं तर एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउन असताना केंद्राच्या गृह खात्याने कामाच्या जागांसाठी जे नियम काढले त्यात कामगारांचा मेडिकल इन्शुरन्स बंधनकारक असं होतं. ते नियम आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे, लॉकडाउनपुरते, ते केव्हाच मागे पडले. पण तेव्हाचा मेल कॉपी पेस्ट होत होत अजून फिरतोय. मालक त्याच्या लेबर कन्सल्टंटला विचारतो, तो हसतो, संपला विषय.

ईएसआय न विचारता कोटेशन पाठवणं

ही दुसरी. हिच्यामुळे जेवढे चांगले ग्राहक हातचे जातात तेवढे कशानेच जात नाहीत.

एक उदाहरण घ्या. शीट मेटलचं युनिट, मस्टरवर ३१ माणसं. एजंटने ३१ माणसांचं कोटेशन पाठवलं. मालकाचा रिप्लाय एका ओळीचा, "आम्ही ईएसआय भरतो, परत हे कशाला?" आणि त्याचं बरोबर आहे. १० किंवा जास्त माणसं असली की कारखान्याला ईएसआय लागतो आणि महिना २१,००० पर्यंत पगार असलेला प्रत्येक जण त्यात येतो. १८,००० पगाराच्या माणसामागे मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये, माणसाच्या पगारातून ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये, दर महिन्याला. त्या बदल्यात त्याला आणि त्याच्या घरच्यांना उपचार. मग त्याच माणसासाठी अजून एक हप्ता भरा असं तुम्ही पहिल्याच मेलमध्ये सांगता तेव्हा मालकाला वाटतं याला आपल्या धंद्याचं काडीचं माहीत नाही.

आता त्याच युनिटमध्ये नीट बघा. ३१ पैकी २२ जण ईएसआयमध्ये. उरले ९. कोण हे नऊ? व्हीएमसीचे दोन जुने ऑपरेटर, टूल रूमचा माणूस, दोन सुपरवायझर, क्वालिटीवाला, डिस्पॅच बघणारा, अकाउंटच्या मॅडम आणि मेंटेनन्सचा फिटर. पगार २१,००० च्या वर म्हणून ईएसआयच्या बाहेर, आणि बहुतेकांकडे स्वतःची पॉलिसी नाही. हेच लोक गेले तर कारखान्याचं अडतं, हे मालकाला सांगावं लागत नाही, चाकणच्या मोठ्या कंपन्या त्याचे ऑपरेटर कसे उचलतात ते तो रोज बघतो. या नऊ जणांवर मेल लिहा ना! ३१ चा मोह सोडा. बऱ्याच विमा कंपन्या ७ माणसांपासून ग्रुप घेतात, काही १० किंवा २० मागतात, ते आधी आपल्या कंपनीला विचारून ठेवायचं. नऊ कुटुंबांची पॉलिसी नीट चालली की पुढच्या वर्षी मालक स्वतःच विचारतो की बाकीच्यांना वरून छोटं कव्हर देता येईल का. तेव्हा बोला.

यात अजून एक बारकावा आहे जो नव्वद टक्के एजंटांना माहीत नसतो (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही). ईएसआयचे वर्गणीचे दोन सहामाही काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कोणाचा पगार मे महिन्यात वाढून २२,५०० झाला तरी तो लगेच बाहेर पडत नाही, सप्टेंबर संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, १ ऑक्टोबरपासून तो बाहेर. म्हणजे सप्टेंबर आणि मार्च हे दोन महिने असे आहेत की मालकाला किंवा मॅडमना खरोखर प्रश्न पडलेला असतो की या माणसांचं आता काय करायचं. तुमचा मेल तेव्हा पोचला तर तो कामाचा मेल.

पण इथेही काही महाभाग लिहितात की "१ ऑक्टोबरपासून तुमची माणसं उघड्यावर". परत भीती, आणि परत चूक. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये असतो, उपचार दुसऱ्या दिवशी बंद होत नाहीत. हे मेलमध्ये सरळ लिहा. "घाई नाही, जूनपर्यंत वेळ आहे, पण तोपर्यंत सोय लावून ठेवता येईल." घाई नाही असं लिहिणारा एजंट मालकाने आयुष्यात पाहिलेला नसतो, तो थांबून वाचतो.

आणि ईएसआयला नावं ठेवणं बंद करा. मोहननगरच्या हॉस्पिटलमध्ये किती लोकांची बाळंतपणं आणि ऑपरेशनं झालीत ते मशीनवरच्या माणसांना विचारा. आजारपणाच्या रजेचे पगाराच्या ७० टक्क्यांनी पैसे ईएसआय देतं, तुमची ग्रुप हेल्थ देत नाही.

"सगळं कव्हर आहे"

नाही. सगळं कव्हर नसतं, आणि हे वाक्य लेखी देणं म्हणजे पहिल्या क्लेमला शिव्या खायची तयारी.

निदान रूम रेंटचं तरी पहिल्याच मेलमध्ये सांगा. २ लाखांचं कव्हर, रूमला रोज १ टक्का म्हणजे २,००० ची मर्यादा, ही अट छोट्या ग्रुपच्या कोटेशनमध्ये बऱ्याचदा असते कारण तिच्यामुळे हप्ता कमी दिसतो. आता माणूस ४,००० च्या रूममध्ये पाच दिवस राहिला. रूमचे झाले २०,०००. सर्जन, ओटी, भूल असं सगळं मिळून ६०,०००. औषधं आणि तपासण्या २५,०००. बिल १,०५,०००. लोकांना वाटतं रूमचे १०,००० खिशातून, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही. रूम मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून सर्जन-ओटीचा खर्चही निम्माच धरतात. रूमचे १०,०००, त्याचे ३०,०००, औषध-तपासण्यांना ही कात्री लागत नाही म्हणून ते २५,००० पूर्ण. मिळाले ६५,०००, खिशातून ४०,०००. आणि हे ४०,००० डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर मागतात तेव्हा तो फिटर मालकाला फोन करतो, मालक तुम्हाला.

माझा नियम असा की मी दोन कोटेशन मागवतो, एक मर्यादेचं आणि एक मर्यादा नसलेलं, आणि मेलमध्ये वरचंच गणित चार ओळीत टाकतो. बहुतेक मालक दुसरं घेतात. काही जण पहिलंच घेतात, त्यांचे पैसे, त्यांचा निर्णय, पण मग फॅक्टरीच्या बोर्डावर मराठी आणि हिंदीत चिठ्ठी लावायला सांगतो की रूम २,००० च्या आतलीच घ्या. हिंदीत का तर अर्धी माणसं यूपी-बिहारची असतात, आणि त्यांचं कुटुंब गावी. त्यांच्या जिल्ह्यात कॅशलेस हॉस्पिटल कोणतं हेही बघून ठेवायचं, भोसरीतल्या हॉस्पिटलची यादी त्यांना काय कामाची.

जुने आजार पहिल्या दिवसापासून, हे ग्रुपमध्ये सहसा मिळतं, पण छोट्या ग्रुपला प्रत्येक कंपनी देतेच असं नाही. कोटेशनवर लिहिलेलं असेल तर मेलमध्ये लिहा, नसेल तर गप्प बसा. ओपीडी नाही, नुसता ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेलं तर नाही, हेही लिहा. आणि माणसाने नोकरी सोडली की कव्हर संपतं हे तर लिहाच, कारण हा प्रश्न तो ऑपरेटर मालकाला पहिल्या दिवशी विचारणार आहे.

आता पटापट

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या आणि फॅमिली हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, ग्रुपवर १८ टक्के तसाच आहे. "आता जीएसटी नाही" लिहून मेल पाठवणारे रोज दिसतात. क्रेडिट मिळेल का म्हणून मालक विचारतोच, सहसा मिळत नाही, कायद्याने विमा बंधनकारक असेल तिथेच मिळतं, सीएला विचारा म्हणून सांगायचं.

"कमिशनमधून ॲडजस्ट करतो" असं चुकूनही लिहू नका. १९३८ च्या विमा कायद्यातलं कलम ४१, दंड दहा लाखांपर्यंत, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने पुरावा मेल केलेला असतो. तोंडीही नकोच.

वयं माहीत नसताना अंदाजे हप्ता टाकणं. मालक तोच आकडा धरून बसतो. आई-वडील धरले की हप्ता कुठल्या कुठे जातो, आधी यादी मागवा.

सगळ्यांचे पत्ते एकाच मेलच्या टू मध्ये. शेजारच्या गाळ्यातल्या स्पर्धकाचं नाव बघून कोणाला आनंद होत नाही.

"ऑफर फक्त ३१ पर्यंत." कसली ऑफर? ग्रुप हेल्थ आहे, दिवाळीचा फ्रिज नाही.

वेळ. भोसरीत गुरुवारी सुट्टी, मेल तसाच खाली जातो. ७ पर्यंत पगार, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटी. २१ ते २७ च्या मध्ये पाठवा, सकाळी अकराच्या पुढे.

मी पाठवतो तो मेल

टेम्प्लेट मागू नका असं मी म्हणतो, कारण पोरं नाव बदलायलाही आळस करतात, एकाने माझ्या मेलमधलं दुसऱ्याच युनिटचं नाव तसंच ठेवून पाठवलं होतं. पण काहीच दाखवलं नाही तर परत ॲम्ब्युलन्स येते, म्हणून घ्या:

विषय: ईएसआयच्या बाहेरच्या ९ जणांसाठी हेल्थ कव्हर

नमस्कार साहेब,

मागच्या आठवड्यात गेटवर आपलं बोलणं झालं तेव्हा तुम्ही म्हणालात की २२ जण ईएसआयमध्ये आहेत आणि ९ जण बाहेर. हा मेल फक्त त्या ९ जणांबद्दल आहे. बाकीच्यांना ईएसआय आहे, त्यांच्यासाठी वेगळं काही घ्यायची आत्ता गरज नाही.

या ९ जणांना, बायको आणि दोन मुलांसकट, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाचं कव्हर एका पॉलिसीत देता येतं. कुटुंबाला २ लाख किंवा ३ लाख. रूमची मर्यादा असलेलं आणि नसलेलं अशी दोन्ही कोटेशन देईन, फरक समजावून.

यात काय नाही: ओपीडी, आणि कामावरच्या अपघाताची भरपाई. भरपाईची पॉलिसी तुमच्याकडे आहे का तेवढं बघून ठेवा, मी ती विकायला हा मेल लिहिलेला नाही. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं कव्हर संपतं.

कोटेशनसाठी फक्त प्रत्येकाचं आणि घरच्यांचं वय लागेल. नावं, आधार आत्ता नको. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

मॅडमशी बोलून सांगितलंत तरी चालेल. नको असेल तर तसंही कळवा, परत मेल करणार नाही.

आपला,
(नाव, कंपनी, लायसन नंबर, फोन)

बस एवढंच. ब्रोशर नाही. कंपनीचं नाव आणि लोगो वापरून काही छापील पाठवायचं असेल तर ते कंपनीने मंजूर केलेलंच हवं, घरी बनवलेलं पोस्टर नको.

गेटवर बोलणं झालं नसेल तर ती पहिली ओळ लिहू नका, आधी जाऊन या. डिरेक्टरीतून मेल उचलून घरबसल्या ग्रुप हेल्थ विकणारा मी तरी अजून पाहिलेला नाही. उन्हात दहा गाळे फिरायचा कंटाळा असेल तर मेल कितीही चांगला लिहा, त्यात तो ९ चा आकडा कुठून आणणार?

होकार आल्यावरची घाण

मालक हो म्हणाला की पोरं सुटतात आणि इथेच माती खातात. यादी एक्सेलमध्ये येते, त्यात निम्म्यांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली. ती आधारवर जी आहे तीच ठेवा, क्लेमच्या वेळी आधारच बघतात. नाव बायकोचं लग्नाआधीचं की नंतरचं तेही आधारवरून.

दुसरं, माणसं येतात-जातात त्यासाठी विमा कंपनीकडे थोडे पैसे जमा ठेवावे लागतात, सीडी बॅलन्स म्हणतात त्याला. नवीन ऑपरेटर आला की त्यातून त्याचा उरलेल्या दिवसांचा हप्ता कापला जातो. बॅलन्स संपला असेल तर नवीन माणूस आत जातच नाही, आणि हे कोणाला कळत नाही तोपर्यंत जोपर्यंत तो ॲडमिट होत नाही. मी दर महिन्याच्या २५ ला मॅडमना दोन ओळींचा मेल टाकतो, "या महिन्यात कोण आलं, कोण गेलं? सीडी बॅलन्स इतका आहे." गेलेल्या माणसाचं नाव काढलं तर उरलेला हप्ता परत जमा होतो, पण त्याने मधे क्लेम घेतला असेल तर सहसा होत नाही, तेही एकदा सांगून ठेवलेलं बरं. मॅडम बऱ्याचदा रिप्लायमध्ये नुसतं "नील" लिहून पाठवतात. ते "नील" सुद्धा जपून ठेवा, फोल्डर करा युनिटच्या नावाने.